चांगुणाताईंची सकाळची लाइन

चांगुणाताईंना 'नको' म्हणता येत नाही, असं आमच्या वॉर्डात सगळे म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही. डोस चुकीचा लिहिला असेल तर त्या डॉक्टरला तोंडावर 'नको' म्हणतात. पेशंटच्या खाटेवर पाय पसरून बसलेल्या पाहुण्याला तर असं म्हणतात की तो चपला शोधत शोधत बाहेर पळतो. त्यांना जे येत नाही, ते म्हणजे 'मला पाहिजे' म्हणणं. हे दोन वेगळे रोग आहेत आणि दुसरा जास्त वाईट आहे, असं माझं वीस वर्षांच्या नोकरीनंतरचं मत आहे.

मी विरूपाक्ष. उदगीरचा, लातूरच्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात सर्जिकल वॉर्डात ब्रदर. पुरुष नर्सला दवाखान्यात ब्रदर म्हणतात. घरी माझी बायको महादेवी मला काय म्हणते ते इथे लिहिण्यासारखं नाही. माझा स्वभाव तापट आहे हे मला माहीत आहे, तेव्हा पुढे कुठे माझा आवाज चढलेला दिसला तर समजून घ्यावं.

चांगुणाताई माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या. माहेर अहमदपूरचं. वडील मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, हमाली करायचे. 'पोरगी शिकली पाहिजे' एवढा एकच हट्ट त्या माणसानं आयुष्यात धरला आणि पोरगी नांदेडला नर्सिंग शिकून आली. लग्न झालं पंढरीरावांशी. ते एसटीत वाहतूक नियंत्रक होते. बसस्टँडवर गाड्या पुकारायचे काम त्यांच्याकडे. 'अहमदपूरमार्गे नांदेडला जाणारी गाडी फलाटाला लागत आहे' हे लोक नुसतं ऐकायचे नाहीत, तर थांबून ऐकायचे. असा भरदार आवाज. एकुलता एक मुलगा अश्वजित आता पुण्यात नोकरीला आहे.

त्यांच्या वसाहतीतल्या विहारात वर्षावासाचे तीन महिने रोज संध्याकाळी सात वाजता ग्रंथवाचन असतं. आषाढ पौर्णिमेला सुरू, अश्विन पौर्णिमेला समाप्ती. वाचक पंढरीराव. लागोपाठ किती वर्षं, ते त्यांनाही आठवत नसेल. आणि चांगुणाताईंनी ते वाचन पुरतं असं कधीच ऐकलेलं नव्हतं, कारण त्या वेळी त्या एकतर दुपारपाळीत वॉर्डात असायच्या, नाहीतर रात्रपाळीसाठी डबा भरत असायच्या.

आता इथे आमच्या ड्युटी लिस्टची भानगड सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

आमच्याकडे तीन पाळ्या. सकाळी आठ ते दोन, दुपारी दोन ते आठ, रात्री आठ ते सकाळी आठ. पूर्वी मेट्रन, म्हणजे सगळ्या नर्सेसच्या प्रमुख, रेणुका मॅडम लिस्ट हातानं लावायच्या आणि दर महिन्याला वॉर्डात शिमगा व्हायचा. 'तिला सारखी मॉर्निंग, मला सारखी नाइट', 'ती मॅडमच्या गावची', असलं सगळं. मॅडम बिचाऱ्या शिरूर अनंतपाळच्या. तिकडची एक सिस्टर होती, तिला मुद्दाम जास्त नाइट लावायच्या, तरी बोलणी चुकली नाहीत. शेवटी वैतागून त्यांनी दोन वर्षांपूर्वी नवी पद्धत आणली. कमिटी केली, त्यात कर्मचाऱ्यांच्या वतीनं मला घेतलं. मी सगळ्यात जास्त भांडायचो म्हणून घेतलं असावं.

नवी पद्धत अशी. तीन महिन्यांची लिस्ट एकदम लागते. कोणत्या दिवशी कोणती पाळी, कधी सुट्टी, अशा तयार ओळी आधी बोर्डावर लावतात. एका माणसाला एक ओळ. आम्ही तिला लाइन म्हणतो. सकाळची लाइन, दुपारची लाइन, रात्रीची लाइन, आणि इतरांच्या सुट्ट्या भरणारी फिरती लाइन. प्रत्येकाला दर तिमाहीला दहा गुण मिळतात. हव्या त्या लाइनवर हवे तेवढे लावायचे. एकाच लाइनवर दहाच्या दहा लावा, नाहीतर दोन-तीन लाइनींवर वाटा. ज्याचे जास्त, त्याला ती लाइन.

पण गुणांच्या आधी काही गोष्टी अशा, की त्यांवर बोलीच चालत नाही. रात्र करून लगेच सकाळी उभं राहायचं नाही. सलग रात्रींना मर्यादा. प्रत्येक पाळीत एक तरी जुना, हात बसलेला माणूस पाहिजेच. म्हणून जुन्यांच्या जागा वेगळ्या आणि नव्या पोरींच्या वेगळ्या. आम्ही जुने पाच जण, आणि आमच्या वाट्याला सकाळच्या लाइनी दोनच. शिवाय एकदा सकाळ मिळाली की लगतच्या तिमाहीला पुन्हा सकाळ मागता येत नाही. रात्रही लागोपाठ दोन तिमाह्या कुणावर लादता येत नाही.

आणि मग आमचा लाडका नियम. ज्याची मागणी फेटाळली गेली, त्यानं लावलेल्यातले निम्मे गुण पुढच्या तिमाहीत जमा. मिळाली तर गुण खर्ची. लावलेच नाहीत तर ते बुडाले. हे बुडवणं मीच सुचवलं होतं. नाहीतर लोक वर्षभर गुण साठवून दिवाळीच्या तिमाहीत सगळ्यांच्या डोक्यावर बसले असते. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला त्या दिवशी स्वतःचा फार अभिमान वाटला होता.

चांगुणाताई मात्र दर तिमाहीला फॉर्म घ्यायच्या आणि त्यावर गोल, सुरेख अक्षरात दोनच शब्द लिहायच्या. 'कोणतीही चालेल.'

"ताई, गुण लावा की," मी म्हणायचो. "फुकट जाऊन राहिले तुमचे."

"जाऊ द्या ना ब्रदर. लेकुरवाळ्या पोरी हायत. त्यांना लागतंय. मला काय, म्हातारा-म्हातारी दोघं."

ज्यानं काही मागितलं नाही, त्याला सगळ्यांचं वाटून उरलेली लाइन मिळते. उरते कोणती, ते सांगायला नको. 'कोणतीही चालेल' म्हणजे स्वतःची संमती धरली जाते, म्हणून लागोपाठ रात्र न लादण्याचा नियमही त्यांना लागू होत नव्हता. त्यामुळे दोन वर्षांत त्यांनी ज्या रात्री केल्या, तेवढ्या वॉर्डात कुणी केल्या नाहीत. आणि गंमत बघा, त्यांची एकही मागणी फेटाळली गेलेली नसल्यानं त्यांच्या नावावर जमा गुण होते शून्य.

यंदा उन्हाळ्यात पंढरीरावांच्या घशाचं ऑपरेशन झालं. नांदेडला. गाठ निघाली, माणूस वाचला, पण स्वरयंत्र काढावं लागलं. आवाज गेला. भेटायला गेलो तेव्हा ते मला बघून हसले आणि हात हलवला. बोलायला मी एरवी कधी कमी पडत नाही. त्या दिवशी मी उगाच सलाइनचा वेग बघत बसलो.

जूनमध्ये चांगुणाताई कामावर परतल्या. फॉर्म वाटायचा दिवस होता. त्यांनी फॉर्म घेतला आणि ड्रेसिंग ट्रॉलीपाशी बराच वेळ उभ्या राहिल्या. मग मला म्हणाल्या, "ब्रदर, हे गुण कसे लावायचे ते दाखवता का?"

मला वाटलं माझे कान वाजले.

"मला सकाळची लाइन पाहिजे," त्या म्हणाल्या. म्हणताना इकडंतिकडं बघत होत्या, कुणी ऐकेल म्हणून. "विहारातले लोक आले होते घरी. यंदा वाचन कोण करणार म्हणून. दुसऱ्या कुणाला सांगू म्हणत होते, तर ह्यांनी माझ्याकडं बोट दाखवलं. आणि मग हात जोडले माझ्यापुढं. आयुष्यात कधी जोडले न्हाईत त्यांनी. म्हणजे शेजारी बसून ऐकणार ते. मी वाचलं तर येतो, न्हाई तर विहारात पाय ठेवणार न्हाई असं त्यांचं चाललंय. आवाज गेल्यापासून माणसांत जाईनात ते."

सकाळची लाइन मिळाली तर दोन वाजता सुटका आणि सात वाजता विहार. ऑक्टोबरमधले शेवटचे थोडे दिवस रजेवर भागले असते. दुसरी कोणतीही लाइन मिळाली तर ते जमणार नव्हतं. आठवड्याच्या सुट्टीच्या एका संध्याकाळी वाचून वर्षावास होत नाही.

मी त्यांना दाखवलं. त्यांनी सकाळच्या लाइनवर दहाच्या दहा गुण लावले. आकडा दोनदा खोडून पुन्हा लिहिला. पेशंटची शीर पहिल्याच टोचणीत शोधणाऱ्या बाईनं.

आठवड्यानं कच्ची लिस्ट बोर्डावर लागली. कच्ची लिस्ट हरकतींसाठी असते. जुन्यांच्या सकाळच्या दोन लाइनी गेल्या होत्या आमच्यातल्या दानम्मा सिस्टरला आणि मला. दानम्मानं आधी सकाळ मागून ती फेटाळली गेली होती, तिचे जमा पाच आणि नवे दहा, एकूण पंधरा. माझंही तसंच, पंधरा. चांगुणाताई दहा. गेल्या वेळी त्यांनी रात्र केली होती आणि या वेळी 'चालेल' लिहिलं नव्हतं, म्हणून रात्र लादता येत नव्हती. त्यांना मिळाली दुपारची लाइन. दोन ते आठ.

त्यांनी लिस्ट वाचली. "बरं," म्हणाल्या आणि तीन नंबरच्या पेशंटची लघवीची पिशवी रिकामी करायला गेल्या.

माझं डोकंच फिरलं. मी तडक रेणुका मॅडमच्या केबिनमध्ये गेलो. दानम्मा तिथं आधीच बसली होती, कुठल्यातरी रजेच्या कामासाठी.

"मॅडम, हा कुठला न्याय? सगळ्यात जास्त रात्री कुणी केल्या? आणि दोन वर्षांत एकदा तोंड उघडलं तर चांगुणाताईंना शेवटी उभं करून राहिलो आपण!"

मॅडमनी चष्मा काढला. "विरूपाक्ष, नियम कुणी केला?"

"मी केला. चुकला!"

"चुकला असेल. मग काय करू म्हणता? गुण लावून झालेत. लोकांनी हा नियम बघून गुण लावलेत. आता निकाल बघून नियम बदलायचा? उद्या दुसरं कुणी येईल आणि म्हणेल, माझंही कारण ऐका. पूर्वी हेच चालायचं ना? ज्याचं कारण मॅडमला रडू आणेल त्याला मॉर्निंग."

दानम्मा गप्प बसणारी नाही. "अन् मी काय चूक केली ब्रदर? माझी सृष्टी दहावीला हाय. संध्याकाळी एकटी ऱ्हाती घरात. म्या मागितली, मिळाली न्हाई, नाइटला गेले, तवा कुठं पंधरा झाले. त्यांनी मागितलं न्हाई ह्याची सजा मला?"

दानम्माचं खरं होतं. मॅडमचंही खरं होतं. आमच्या नियमानं फक्त फेटाळलेल्या मागण्या मोजल्या, आणि अंगावर पडलेलं ओझं मोजलंच नाही, हेही खरं होतं. तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असल्या की माझ्यासारख्या माणसाची फार पंचाईत होते.

"विशेष बाब म्हणून..." मी पुटपुटलो.

"नको." दारातून आवाज आला. चांगुणाताई उभ्या होत्या, हातात औषधं-सामान मागवायचं इंडेंट बुक. "माझ्यासाठी नियम मोडू नका मॅडम. उद्या त्या पोरींनी माझ्याकडं कोणत्या तोंडानं बघायचं?"

म्हटलं ना, 'नको' म्हणता येतं त्यांना.

मॅडमनी त्यांना बसायला सांगितलं. मग सावकाश म्हणाल्या, "एक वाट नियमातच आहे. अदलाबदल. लिस्ट पक्की व्हायच्या आधी दोघांनी राजीखुशीनं सही केली तर लाइनी बदलता येतात. जुन्याची जुन्याशीच. विश्रांतीचा नियम मोडता कामा नये. आणि ज्यानं लाइन दिली त्याचे गुण परत मिळत नाहीत, ते गेले ते गेले. पण ते तुमचं तुम्ही बघायचं. मी कुणाला सांगणार नाही. मेट्रननं सांगितलं की ते मागणं राहत नाही."

बाहेर आल्यावर चहाच्या खोलीत मी ताईंना धरलं. तिथं आम्ही दोघंच होतो. नव्या पोरींतली लुंबिनी तेवढी कोपऱ्यात डबा धूत होती.

"आता मागा," मी म्हणालो.

"कुणाला?"

"ज्याच्याकडं सकाळ हाय त्याला!"

"दानम्माला कसं मागू? पोरगी दहावीला हाय तिची."

"ते मला काय माहीत न्हाई. पण मागितल्याबिगर काय मिळत न्हाई ताई! लई झालं तुमचं चालेल चालेल. तुम्हाला काय वाटतं, तुम्ही गप बसल्या म्हणून लोकांना लई बरं वाटतंय? कुणाला कळतच न्हाई तुम्हाला काय पाहिजे ते. कळालं असतं तर दिलं नसतं का कुणी? तोंड दिलंय ना देवानं... म्हणजे, तुम्ही देव मानत न्हाई, पण तोंड हाय ना? एकदा तरी उघडा. माणसाकडं सरळ बघा आन् म्हणा, मला पाहिजे. मेलं तरी चालंल पण मागणार न्हाई, ह्याला काय अर्थ हाय?"

बरंच बोललो मी. मला बोलायला लागलं की थांबता येत नाही. लुंबिनी डबा धुवायची थांबली होती.

चांगुणाताईंनी कप खाली ठेवला. पदरानं, म्हणजे एप्रनच्या टोकानं, तोंड पुसलं. माझ्याकडे सरळ बघितलं.

"ब्रदर, तुमची सकाळची लाइन मला पाहिजे."

कोपऱ्यात लुंबिनीनं नळ बंद केला.

खरं सांगायचं तर माझी लाइन माझ्या डोक्यातच आली नव्हती. सकाळच्या लाइनी दोन आणि त्यातली एक माझी, हे मला पक्कं माहीत होतं. तरी मी तावातावानं जे बोलत होतो ते सगळं जगाला उद्देशून होतं. जगात मी येतो हे मी धरलंच नव्हतं.

"माझी?" मी म्हणालो.

"हाव. तुमची."

आता माझंही ऐका. सकाळच्या लाइनसाठी मी आधी मागणी करून ती फेटाळली जाणं सोसलं होतं. महादेवीची साखर वाढली आहे. डॉक्टरनं रोज तासभर चालायला सांगितलंय, आणि ती एकटी चालत नाही. शेजारणी भेटतात आणि चालणं राहून बोलणंच होतं. मी तिला शब्द दिला होता, जुलैपासून रोज संध्याकाळी आपण दोघं जायचं. आणि खोटं कशाला बोलू, संध्याकाळी घरी असणं, गच्चीवर खुर्ची टाकून बसणं, हे मलाही हवं होतं. पंधरा गुण काय उगाच लावले होते?

"उद्या सांगतो," मी म्हणालो आणि तिथून सटकलो. मघाशी एवढा गरजणारा मी.

घरी महादेवीला सगळं सांगितलं. आशा अशी होती की ती चिडेल, 'शब्द दिला होता ना मला' म्हणेल, आणि माझी सुटका होईल. नाही म्हणायला घरचं कारण बरं पडतं.

ती भाकरी थापत होती. म्हणाली, "चालायला संध्याकाळच लागते का?"

"म्हणजे?"

"दुपारच्या पाळीला सकाळ मोकळी असते ना तुमची? साडेपाचला उठा. सकाळी शेजारणी पण नसतात."

साडेपाचला! मी आठला ड्युटी असली तर सातला उठणारा माणूस. मी काहीतरी बोलायला गेलो, तर ती म्हणाली, "अन् त्या बाईनं आजवर कुणापाशी काही मागितलंय का? तुमच्यापाशी मागितलं. न्हाई म्हणून आलात तर जेवण वाढणार न्हाई."

दुसऱ्या दिवशी अदलाबदलीच्या अर्जावर सही केली. मी, खाली चांगुणाताई, खाली मॅडम. मॅडमनी विश्रांतीचा हिशोब तपासला, मान हलवली आणि माझ्याकडे बघून अगदी हलकंसं हसल्या. ते हसणं मला आवडलं नाही. मी म्हणालो, "मॅडम, पुढच्या तिमाहीपासून ज्यानं वाट्यापेक्षा जास्त रात्री केल्या त्याला त्याबद्दल गुण मिळाले पाहिजेत. मागितलं असो वा नसो. आणि 'कोणतीही चालेल' असं लिहिलेला फॉर्म घ्यायचाच नाही."

दानम्मा तिथंच होती. मला वाटलं आता ही भांडणार. ती म्हणाली, "आधी सांगून करा, म्हणजे झालं. मी बी करते मग जास्त नाइट."

तसा नियम झाला. ऑक्टोबरच्या तिमाहीपासून, आणि गुण लावायच्या आधी महिनाभर बोर्डावर लावून. जुन्या रात्री मात्र त्यात धरल्या नाहीत. मी धरा म्हणून भांडलो आणि हरलो.

पंधरा गुण गेले, संध्याकाळ गेली आणि मी पहाटे साडेपाचला क्रीडा संकुलाभोवती महादेवीच्या मागून धापा टाकत फिरू लागलो. चिडचिड व्हायची. दुपारपाळीला वॉर्डात सगळ्यात जास्त गर्दी असते. भेटायला येणारे, ऑपरेशनहून परत येणारे, डिस्चार्जसाठी भांडणारे. दोन वाजता चांगुणाताई मला चार्ज द्यायच्या. एकेक पेशंट, एकेक इंजेक्शन नीट सांगायच्या आणि जाताना म्हणायच्या, "येते ब्रदर." रोज. आभार एकदाच मानले होते, तेवढं मला बरं वाटलं.

ऑगस्टमध्ये माझ्या सुट्टीच्या दिवशी मी आणि महादेवी विहारात गेलो. आम्ही लिंगायत, पण जायला काय, त्यांनी बोलावलं होतं. बाया, म्हातारे, शाळेतली पोरं मिळून बरीच माणसं पांढऱ्या सतरंज्यांवर बसलेली. पुढे चांगुणाताई पांढरी साडी नेसून ग्रंथ उघडून बसल्या होत्या. शेजारी पंढरीराव, गळ्याला पातळ रुमाल बांधलेला.

ताईंचा आवाज काही पंढरीरावांसारखा नाही. बारीक आहे. पहिल्या पानाला मागच्या बायांना ऐकू येईना, मग त्यांनी थांबून पोराला सांगितलं, "तो पंखा बंद कर रे." पोरानं केला. सगळ्यांना उकडायला लागलं आणि सगळे ऐकत बसले. एके ठिकाणी त्या फार भरभर वाचायला लागल्या, तेव्हा पंढरीरावांनी त्यांच्या गुडघ्याजवळ सतरंजीवर दोन बोटं टेकवली. त्या थांबल्या, श्वास घेतला आणि हळू झाल्या. मला एकदम गलबलून आलं. महादेवीनं माझ्याकडे बघितलं.

वाचन संपल्यावर ताई बायांना खीर वाटायला उठल्या. पंढरीराव माझ्यापाशी येऊन बसले. त्यांच्याजवळ मुलांची असते तसली पुसता येणारी पाटी होती. त्यावर लिहिलं: 'तुम्हाला सकाळ मोठ्या मुश्किलीनं मिळाली होती म्हणे.'

"मिळाली होती," मी म्हणालो. माझ्या स्वरात थोडी कुरकुर असावी.

त्यांनी पुसलं आणि लिहिलं: 'मग का दिली?'

मी विचार केला. मोठं काहीतरी बोलावंसं वाटलं, पण सुचलं नाही.

"त्यांनी मागितली म्हणून."

त्यांनी पाटी पुन्हा पुसली. मग लिहिलं. या वेळी हळूहळू, बसस्टँडच्या फळ्यावर गाड्यांच्या वेळा लिहिल्यासारखं एकेक अक्षर सुटं करून: 'तीस वर्षं झाली लग्नाला. माझ्याकडे तिनं कधी काही मागितलं नाही.'

त्यात तक्रार होती का दुःख होतं का अजून काही, ते मला वाचता आलं नाही. आवाज गेलेल्या माणसासमोर आपणही गप्प बसावं, एवढं तरी मला कळतं. पलीकडे ताई कुणाला तरी 'अजून घ्या, अजून घ्या' करत होत्या, आणि स्वतःची वाटी बाजूला तशीच ठेवलेली होती.

पंढरीरावांनी माझ्या दंडाला हात लावला. पाटी पुसली होती. नवीन लिहिलं होतं: 'काल म्हणाली, दमले. चहा ठेवा माझ्यासाठी.'

आणि ते हसले. आवाज नव्हता, पण खांदे हलत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं. "मग?" मी विचारलं. "ठेवला का?"

त्यांनी अभिमानानं मान हलवली आणि पाटीच्या कोपऱ्यात उरलेल्या जागेत लिहिलं: 'साखर जास्त झाली. तिनं पुन्हा करायला लावला.'